लांब चेहऱ्यासाठी गॉगल आणि काचेची छटा

प्रश्न: चेहरा लांब आणि अरुंद आहे. कुठल्या आकाराचा गॉगल घेऊ? फिकट काचेमागे डोळे कसे दिसतील?

उत्तर: आधी कानशिलांपाशी चेहऱ्याची रुंदी मोजा. काडीच्या आतल्या बाजूला ५०-२० असे आकडे असतात: एका काचेची रुंदी ५० मिमी, नाकावरचा पूल २०. दोन काचा आणि पूल मिळून १२०, त्यात बिजागरांचे साधारण १० मिमी धरले की फ्रेम १३० ची होते. चेहराही तेवढाच असेल तर जमलं. फ्रेम फार रुंद झाली तर चेहरा आणखी अरुंद दिसतो, शिवाय ती नाकावरून घसरते.

लांबी तोडायची असेल तर उंच काच घ्या, ४२ मिमीच्या आसपास. बुटक्या, आडव्या फ्रेमखाली गाल उगाच लांब वाटतात.

छटेचं म्हणाल तर निळी किंवा राखाडी काच डोळ्यांखालची काळी वर्तुळं गडद करते. फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर काच ती झाकते. वर गडद, खाली फिकट अशा काचेत पापण्या लपतात, पण वर्तुळं उघडी पडतात. डोळे स्पष्ट दिसायला हवेत तर निम्म्याहून जास्त प्रकाश सोडणारी काच लागते, आणि ती भर उन्हात अपुरी पडते.