कोलेस्टेरॉलची गोळी आणि शनिवारचा पेग

मी ५४ वर्षांचा. अटोरवास्टॅटिन १० रोज रात्री घेतो. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग होतात. गोळीबरोबर हे चालतं का? — कोथरूड

तुमचं यकृत निरोगी असेल आणि ते दोन पेग खरोखरच दोन असतील, तर गोळीमुळे त्या दारूचा धोका वाढत नाही. दोन पेगांमुळे गोळी विषारी होते, असंही काही नाही. स्टॅटिन, म्हणजे तुमच्या गोळीच्या जातीचं औषध, घेणाऱ्याने दारूचा थेंबही घ्यायचा नाही, असा नियम औषधाच्या माहितीपत्रकातही नसतो. तिथे सावध केलेलं असतं ते भरपूर पिणाऱ्यांना आणि ज्यांचं यकृत आधीच दुखावलंय त्यांना.

पण 'चालतं' म्हणजे 'दारू सुरक्षित आहे' असं मात्र समजू नका. गोळी घ्या वा न घ्या, दारूची अमुक मात्रा आरोग्याला पूर्ण निर्धोक आहे असं सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं.

आता पेगाचं माप. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीत, म्हणजे स्मॉलमध्ये, १० ग्रॅम अल्कोहोल असतं. लार्जमध्ये २०, क्वार्टरमध्ये ६०. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम, थेट चार स्मॉल. 'मी फक्त बिअर घेतो' असं सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ब्रिटनमध्ये आठवड्याला ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगतात, तेही तीन-चार दिवसांत वाटून. म्हणजे साधारण अकरा स्मॉल. सगळे एकाच शनिवारी, असा त्याचा अर्थ नाही.

ज्या दिवशी बसायचं असतं त्या दिवशी मी गोळी घेत नाही. लिव्हरवर दोन्हीचा भार एकदम नको म्हणून. बरोबर करतोय ना? — सिंहगड रस्ता

नाही. आणि हे मला कळकळीने सांगायचंय, कारण माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांमध्ये ही सवय मला वारंवार दिसते.

एक रात्र गोळी चुकवली म्हणून औषध शरीरातून जात नाही. अटोरवास्टॅटिनचा असर निम्म्यावर यायलाच वीस ते तीस तास लागतात, रोसुवास्टॅटिनही बराच वेळ रक्तात राहतं. म्हणजे कालच्या गोळीचं काम आज तुम्ही ग्लास हातात घेता तेव्हाही चालूच असतं. शिवाय दारूचं विघटन करणारी यंत्रणा मुख्यतः वेगळी असते, दोघांची एकाच दारात गर्दी होत नाही. यकृताला आराम मिळतो तो पेग चुकवल्याने.

गोळी चुकवल्याचा तोटा मात्र खरा आहे. आठवड्यात एक दिवस, मग लग्नसराईत चार दिवस, मग ट्रिपला आठवडाभर. ज्याला स्टेंट बसलाय किंवा अटॅक येऊन गेलाय, त्याला हे परवडत नाही.

यांची एसजीपीटी, एसजीओटी दोन्ही वाढलीत. गोळीनेच लिव्हर खराब केलं म्हणून यांनी गोळी बंद केली. रोज थोडीशी घेतात, पण तेवढ्याने काय होतं म्हणतात. — बिबवेवाडी

ताई, गोळी परस्पर बंद व्हायला नको होती. कारण समजावं म्हणून अशीच एक केस सविस्तर सांगतो.

गृहस्थ ५२ वर्षांचे. अटोरवास्टॅटिन २० सुरू करण्याआधी एसजीपीटी ३४ होतं, मर्यादा ४०. तीन महिन्यांनी एसजीपीटी ४८ आणि एसजीओटी ११२. कुणीतरी सांगितलं, 'ही गोळी लिव्हर खाते.' ते घाबरून आले. मी आधी त्यांना रिपोर्टमधले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून दाखवले. स्टॅटिनने एन्झाइम वाढली तर बहुधा एसजीपीटी पुढे असतं. दारूच्या यकृतात उलट होतं, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीवर जातं. इथे तर दुपटीहूनही जास्त होतं. मग दारूने वाढणारं जीजीटी हे एन्झाइम तपासलं, ते २१०, आणि रक्तपेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही १०२. ट्रायग्लिसराइड्स ३१०. हे सगळे धागे एकाच दिशेने जात होते.

'रोज दोन स्मॉल,' ते म्हणाले. माझ्या टेबलावर एक काचेचा ग्लास आणि औषधाची मापाची शिशी असते. मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, घरी ओतता तसं ओता. त्यांनी मनापासून ओतलं. शिशीत मोजलं तर एक 'स्मॉल' ४५ मिली निघाला. म्हणजे रोजची दोन स्मॉल ही प्रत्यक्षात नाइंटी होती, ३० ग्रॅम. सोमवार ते शुक्रवार १५०, शनिवार-रविवारी एकेक क्वार्टर म्हणजे आणखी १२०. आठवड्याचे २७० ग्रॅम. ते खोटं बोलत नव्हते. हात कसा ओततो हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

आता दोष कुणाचा हे शोधायचं, तर दोन्ही एकदम बंद करून चालत नाही. एकच गोष्ट बदलायची. बिलिरुबिन नॉर्मल होतं, दोन्ही एन्झाइम मर्यादेच्या तिपटीच्या आत होती, म्हणून गोळी त्याच डोसमध्ये चालू ठेवली आणि दारू पूर्ण थांबवली. सहा आठवड्यांनी एसजीओटी ४१, एसजीपीटी ३२, जीजीटी ८८, ट्रायग्लिसराइड्स १९०. गोळी रोज पोटात जात होती आणि तरी आकडे उतरले. वेगळा पुरावा शोधायची गरज उरली नाही.

तुमच्या यजमानांनी नेमकं उलट केलं: गोळी थांबवली, दारू चालू ठेवली. आता आकडे कमी झाले नाहीत तर निदान 'गोळी नव्हती' एवढं तरी कळेल. पण त्यासाठी हृदयाचं संरक्षण काढून ठेवायचं कशाला? मूळ रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्यासमोर दारूचा आकडा मिलीमध्ये सांगा. एक काळजी मात्र घ्या. रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यावर हात थरथरायला लागले, घाम फुटला, झोप उडाली किंवा भास झाले तर लगेच डॉक्टरांना गाठा. जे जास्त पितात त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं.

एक गोष्ट आणखी. या तपासणीला आपण 'लिव्हर फंक्शन' म्हणतो, पण एसजीपीटी, एसजीओटी यकृताचं काम मोजत नाहीत. पेशींमधून किती एन्झाइम रक्तात झिरपलं एवढंच ते सांगतात. यकृताचं काम कळतं ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून. स्टॅटिनचं घरच यकृत, कारण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल तिथेच बनतं आणि गोळी ते बनणंच रोखते. सुरुवातीच्या महिन्यांत एन्झाइम किंचित वाढली तर ती बहुतेकदा आपोआप उतरतात. तिपटीच्या वर जाणारे शंभरात एकाच्या आसपास, कमी डोसवर त्याहूनही कमी. खरी गंभीर इजा इतकी दुर्मीळ आणि इतकी बेभरवशाची आहे की दर तीन महिन्यांनी तपासून ती आधी पकडता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये ही नियमित तपासणीची सक्ती काढली. सुरू करण्याआधी एकदा, आणि पुढे लक्षणं दिसली तर, एवढं सांगितलं.

मी दारू शिवतही नाही. दर रविवारी सिंहगड चढतो. सोमवारी रक्त दिलं तर एसजीओटी ९६! रोसुवास्टॅटिन बदलू का? — वडगाव

आधी परत तपासा. एसजीओटी स्नायूंमध्येही असतं आणि एसजीपीटीही थोडं असतं. गड उतरताना मांड्यांवर जो ताण पडतो त्याने स्नायूंतून ही एन्झाइम सुटतात आणि काही दिवस रक्तात राहतात. एक आठवडा गड, जिम, सगळं थांबवा आणि मग रक्त द्या. सोबत सीपीके करा, ते स्नायूंचंच असतं. ते वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर यकृताचा संबंध नाही.

इथे दारूचा एक मुद्दा येतो, तुमच्यासाठी नाही पण इतरांसाठी. भरपूर पिणाऱ्यांमध्ये स्टॅटिनमुळे स्नायू दुखावण्याचा धोका वाढतो. यकृताची भीती सगळ्यांना असते, स्नायूंची कुणाला नसते. दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखे दुखू लागले, अशक्तपणा आला, लघवी कोलासारखी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी थांबवून हॉस्पिटल गाठायचं. अटोरवास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन घेत असाल आणि खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं गेलं तर डॉक्टरांना गोळीबद्दल आवर्जून सांगा. त्या अँटिबायोटिकने स्टॅटिनची पातळी रक्तात चढते.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय. मग स्टॅटिन घ्यायची की नाही? आणि महिन्यातून एकदा बिअर? — पिंपळे सौदागर

स्टॅटिन घ्या. फॅटी लिव्हर असलेल्यांना स्टॅटिनने धोका वाढत नाही, आणि अशा लोकांचं मोठं संकट हृदयाचंच असतं. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी सांगते, यकृतात वण पडलेत की नाही हे सांगत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन करून घ्या. वण पडायला लागले असतील तर दारू शून्य, महिन्यातून एकदाही नाही. नसतील तर महिन्यातल्या एका बिअरपेक्षा वजन आणि साखर या गोष्टींचा परिणाम मोठा, तरीही माझं मत 'नको' असंच आहे.

स्टॅटिन सहसा देत नाहीत ते पोटात पाणी झालेल्या, कावीळ असलेल्या, म्हणजे सिरोसिस हाताबाहेर गेलेल्या रुग्णांना.

मग घाबरायचं नेमकं कधी? — सदाशिव पेठ

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी चहासारखी गडद झाली, खाज सुटली, भूक मेली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर. तेव्हा गोळी थांबवा आणि त्याच दिवशी बिलिरुबिनसकट तपासणी करा. एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर, असे दोन्ही एकत्र आले तर ते गंभीर. नुसतं ६० किंवा ७० एसजीपीटी असेल, अंगाला कसलाही त्रास नसेल, तर महिनाभर थांबून, त्या महिन्यात दारू बंद ठेवून, परत रक्त द्या. गोळी चालूच ठेवा.