एक्झिट पोल आणि तुझी एसआयपी

भाऊ, जळगावच्या ग्रुपवर "उद्या मार्केट पडणार" असं आलं म्हणून एसआयपी थांबवू नको. जून 2024 आठव. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर 3 तारखेला निफ्टी 3 टक्क्यांहून जास्त चढला, निकालाच्या दिवशी, 4 तारखेला, जवळजवळ 6 टक्के आपटला आणि 7 तारखेला परत आधीच्या पातळीवर आला. घाबरून 4 तारखेला विकलं त्यांचा तोटा पक्का झाला. कंपन्यांचा धंदा तर होता तसाच होता! अर्थात, दरवेळी इतकं लवकर सावरत नाही. 2008 ची पडझड भरून निघायला वर्षं लागली. म्हणून पोरीच्या लग्नाला लवकरच लागणारा पैसा शेअरमध्ये नकोच. बाकीच्यासाठी, बातमी आली की कंपनीनं बीएसईला काय कळवलंय तेवढं वाच. टिप देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. बहुतेक तिथंच गप्प होतात.