पंधरा पिंपं अजून माळ्यावर आहेत

"माझ्या जाहिरातीला धो धो क्लिक येतायत, एका क्लिकला रुपयासुद्धा पडत नाही. पण दुकानात गिऱ्हाईक काही वाढत नाही. जाहिरात चांगली चाललीये असं समजू का?"

समजू नका. निदान ते क्लिक कुठून येतात हे बघेपर्यंत तरी नाही. मी समजले होते.

माझं पुण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आधी, मुलाच्या मित्राच्या मदतीने तांब्याच्या पाण्याच्या पिंपाची, इतरांच्या वेबसाइटवर आणि ॲपमध्ये दिसणारी चित्राची जाहिरात लावली. रोजचे ३०० रुपये, वीस दिवस. शोधात दिसणाऱ्या माझ्या आधीच्या जाहिरातीला एका क्लिकला १८-२० रुपये पडायचे. इथे ८० पैसे! सहा हजारांत जवळजवळ साडेसात हजार क्लिक. वर, वेबसाइटवरचं व्हॉट्सॲपचं हिरवं बटण २१२ जणांनी दाबलं, असं रिपोर्ट सांगत होता. तो पोरगा म्हणाला, "काकू, एवढी भारी कॅम्पेन मी अजून पाहिली नाही." मी त्या भरात कारागिराला आणखी चाळीस पिंपं सांगून टाकली.

संशय आला तो वहीमुळे. गल्ल्याशेजारच्या वहीत मी प्रत्येक गिऱ्हाइकाला "कुठे पाहिलंत?" असं विचारून लिहून ठेवते. जाहिरात बघून आलेले दोन. व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज नऊ, त्यातले तीन नुसते "हाय". मग बाकीच्या दोनशे जणांनी बटण दाबून केलं काय?

पोराला बसवून रिपोर्ट उघडायला लावला. क्लिक साडेसात हजार, पण वेबसाइटवर भेटी सव्वाचार हजारच. थोडीफार तफावत नेहमीच असते, पण एवढी म्हणजे बाकीच्यांनी पान उघडायच्या आतच मागे फिरायचं बटण दाबलं होतं. जे पोहोचले तेही दोन-तीन सेकंदांत गेले. पिंपाची किंमत खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही, तिथवर जवळजवळ कुणी गेलंच नव्हतं.

मग जाहिरात कुठे कुठे दिसली त्याची यादी काढली. हा रिपोर्ट आपणहून समोर येत नाही, शोधावा लागतो. त्यात पहिल्या पन्नास नावांत एकही बातम्यांची किंवा स्वयंपाकाची साइट नाही. सगळी मोबाइल ॲप: फुगे फोडायचा खेळ, रंग भरायचा खेळ, टॉर्च.

त्यातला फुग्यांचा खेळ मी माझ्या फोनवर घेतला आणि भाचीच्या पाच वर्षांच्या मुलीला दिला. फुगे खालून वर येतात, आणि अगदी खालच्या कडेला जाहिरातीची पट्टी. फुगा वर निसटायच्या आत फोडायचा म्हणून तिचा अंगठा खालीच घुटमळत होता. दहा मिनिटांत सहा वेळा पट्टीवर पडला. पान उघडलं की न बघता मागे, पुन्हा फुगे. एकदा तर घाईत दोनदा टेकवला: पहिल्यांदा पट्टीवर, दुसऱ्यांदा उघडलेल्या पानाच्या तळाशी. माझ्या वेबसाइटवर बरोबर त्याच जागी ते हिरवं बटण आहे. दोनशे "चौकशा" कुठून आल्या असतील ते तेव्हा लक्षात आलं.

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. आम्हीच "जास्तीत जास्त क्लिक" हे उद्दिष्ट निवडलं होतं. यंत्रणेने स्वस्त क्लिक शोधले, ते खेळांत मिळाले, म्हणून रोजचे पैसे आणखी तिकडेच वळवले. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा दाबलं तर दुसरा क्लिक सहसा मोजत नाहीत, पण वेगवेगळ्या घरांतल्या पोरांचा एकेक चुकीचा क्लिक बहुतेकदा खराच धरला जातो. तक्रार केली तर अगदी थोडे पैसे खात्यात परत आले.

तुम्ही आधी ती यादी काढा. खेळांची ॲप दिसली तर एकेक नाव वगळत बसू नका, उद्या नवी येतात; ॲपचे सगळे प्रकारच वगळा. आणि बटण दाबलं म्हणजे चौकशी असं मोजू नका, मेसेज आला तरच मोजा. बटणही तळाच्या कडेवरून हलवा. मी ते किमतीच्या शेजारी नेलं.

ॲप वगळल्यावर रोजचे पावणेचारशे क्लिक दहा-बारावर आले. पोरगा हळहळला, "काकू, ग्राफ बघा कसा पडलाय." त्याच आठवड्यात निगडीहून एक गृहस्थ फोनवर चित्र दाखवत आले, आणि पिंपाऐवजी घंगाळ घेऊन गेले. चाळीस पिंपांतली पंधरा अजून माळ्यावर आहेत, दर महिन्याला चिंच लावून घासावी लागतात.