नुसता ताप, मग लघवी कशाला तपासायची?

आमची बाय दोन महिन्यांची. ताप १०१, सर्दी-खोकला काहीच नाही. म्हापशाच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितलीय. कशासाठी?

मोठं माणूस जळजळ होते म्हणून सांगतं. एवढ्याशा बाळात मूत्रमार्गाच्या संसर्गाची खूण बहुतेकदा ताप हीच असते, फार तर दूध कमी पिणं किंवा उलटी. उपचार लांबले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

नमुना मात्र नीट घ्यायला हवा. चिकटवलेल्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, सहसा बारीक नळीने लघवी घेतात. बघून जीव कळवळतो, पण होऊ द्या. तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी; नंतर कल्चरमध्ये जंतू वाढतीलच असं नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप म्हणजे उद्याची वाट बघू नका, आजच इस्पितळात न्या.