बॅटरीची किंमत नेमकी कशावर मोजायची?

प्रश्न: रोज वापरायला बॅटरी घ्यायची आहे. लिथियम प्रति युनिट क्षमतेला लेड-ॲसिडपेक्षा दुप्पट महाग दिसते, मग ती स्वस्त पडते असं लोक का म्हणतात? की सोडियम-आयनसाठी थांबावं?

लोक बरोबर म्हणतात, पण बहुतेकांचं कारण चुकीचं असतं. त्यामुळे या विषयावर वाद घालायची मला खोडच लागली आहे. एक गट क्षमतेच्या किमतीवर अडून बसतो आणि लेड-ॲसिड घेऊन मोकळा होतो. दुसरा गट जाहिरातीतल्या ६००० सायकलींनी, म्हणजे रिकामी करून पुन्हा भरण्याच्या फेऱ्यांनी, किमतीला भागतो आणि लिथियम फुकटच पडतं असं सांगत फिरतो. दोन्ही गटांचा भागाकार बरोबर असतो, भाजक मात्र भलताच घेतलेला असतो.

प्रति युनिट क्षमतेची किंमत म्हणजे टाकी किती मोठी आहे याचा भाव. त्या टाकीतून आयुष्यभरात किती पाणी काढता येईल, ते या आकड्यात कुठेच येत नाही. ते काढायला चार गोष्टी लागतात: दर वेळी किती खोल डिस्चार्ज करणार, अशा किती सायकली मिळणार, त्या सायकली संपायच्या आधी बॅटरी वयानेच म्हातारी होणार का, आणि भरलेल्या विजेतली किती परत मिळणार. यातली तिसरी गोष्ट सगळे विसरतात. खरं तर निकाल बहुतेक वेळा तीच लावते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. हिशोब नेहमी लोड धरून करावा, बॅटरीवर छापलेली क्षमता धरून करू नये. समजा रोज रात्री ५ युनिट हवेत. चलन कुठलंही असो, लेड-ॲसिडचा भाव प्रति युनिट क्षमता १००० आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा, २००० धरू. हे गुणोत्तर बाजारात खालीवर होतं, तुमच्याकडचं जे असेल ते टाका.

लेड-ॲसिड रोज अर्ध्याच्या खाली नेऊ नये. म्हणून ५ युनिटसाठी १० युनिटची बँक लागते, किंमत १०,०००. चांगली डीप-सायकल बॅटरी ५० टक्के डिस्चार्जवर, नीट सांभाळली तर, १२०० सायकली देते असं धरू. म्हणजे आयुष्यभरात ६००० युनिट, आणि मिळालेल्या प्रत्येक युनिटमागे १.६७.

एलएफपी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. त्यामुळे ६.२५ युनिटची बँक पुरते, किंमत १२,५००. इथे जरा थांबा. दुकानात दुप्पट दिसलेला भाव प्रत्यक्ष खरेदीत फक्त सव्वापट झाला, आणि अजून आयुष्याचा विषय निघालेलाही नाही. ४००० सायकली धरल्या तर २०,००० युनिट मिळतात, प्रत्येकी ०.६३. ४००० सायकली रोज एक या हिशोबाने जवळपास ११ वर्षं. तेवढ्या काळात लेड-ॲसिडचे तीन संच संपून चौथा चालू झालेला असतो.

क्षमता घटण्याचं काय, असा प्रश्न येईलच. बॅटरीचं आयुष्य संपलं असं ती छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आली की म्हणतात. ६.२५ च्या ८० टक्के बरोबर ५, म्हणजे एलएफपी शेवटच्या वर्षातही लोड पेलते, फक्त पूर्ण रिकामी होऊन. लेड-ॲसिडची १० युनिटची बँक तेव्हा ८ ची झालेली असते आणि त्यातून ५ काढणं म्हणजे ६२ टक्के खोल जाणं. म्हणजे म्हातारपणी तिच्यावर ताण वाढतो आणि शेवट आणखी लवकर येतो.

वाया जाणारी वीज यात धरलेली नाही. ५ युनिट परत मिळवायला लेड-ॲसिडमध्ये साधारण सव्वासहा भरावे लागतात, एलएफपीमध्ये सव्वापाच. रोजचा एक युनिट. सोलरवर दुपारची वीज नाहीतरी फुकट जाणार असेल तर सोडून द्या. वीज विकत घेऊन भरत असाल तर वर्षाचे ३६५ युनिट हिशोबात टाका.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो, कारण त्यांचा मला जास्त राग आहे. तीच एलएफपी ६००० सायकलींचं लेबल लावून २५ टक्के जास्त भावाला मिळते असं समजू: १५,६२५. ते भागिले ३०,००० म्हणजे ०.५२, म्हणून घ्या, असं सांगितलं जातं. पण रोज एक सायकल धरली तर ६००० सायकलींना १६ वर्षांहून जास्त लागतात. सेल नुसता पडून राहिला तरी झिजतो. पूर्ण भरलेला आणि गरम राहिला तर जास्तच. कॅलेंडर आयुष्य १२ वर्षं धरलं तर ४३८० सायकलीच हाती लागतात, म्हणजे २१,९०० युनिट, प्रत्येकी ०.७१. ४००० सायकलींच्या स्वस्त बॅटरीपेक्षा महाग! सायकली भागिले कॅलेंडर वर्षं हा एकच भागाकार आधी करा. ४००० भागिले १२ म्हणजे वर्षाला ३३३. तुमचा वापर याच्या खाली असेल तर जास्त सायकलींसाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

वापर खूपच कमी असेल तर चित्र पुन्हा बदलतं. फक्त बॅकअप, वर्षाला २० वेळा ५ युनिट लागतात असं धरा. लेड-ॲसिड फ्लोटवर, म्हणजे कायम भरलेली ठेवून, ५ वर्षं जगली तर १०० सायकलीच होतात. मग अर्ध्यावर थांबायचं काही कारणच नाही. ८० टक्के वापरा, ६.२५ युनिटची बँक ६२५० ला घ्या. वर्षाला १२५० पडले. एलएफपीचे १२,५०० भागिले १२, म्हणजे वर्षाला १०४२. एलएफपीचा भाव दुप्पट नसून अडीचपट असता तर १३०२ झाले असते आणि लेड-ॲसिड किंचित जिंकली असती. म्हणजे बॅकअपमध्ये जवळपास बरोबरी आहे, आणि ती किंमत भागिले वर्षं एवढ्यावरच ठरते. तिथे सायकलींवरून भांडणाऱ्यांना माझा नमस्कार.

कागदावरचे हे आकडे प्रत्यक्षात का बिघडतात ते महत्त्वाचं आहे. लेड-ॲसिडच्या १२०० सायकली "दर वेळी पूर्ण चार्ज" या अटीवर असतात आणि ती अट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी झटपट भरते. पुढच्या २० टक्क्यांना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास धरून कित्येक तास लागतात, कारण ती करंट कमी कमी घेत जाते. सोलरवर तेवढ्यात संध्याकाळ होते. अर्धवट भरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात आणि मग ते विरघळत नाहीत. १२०० च्या जागी ४०० सायकली मिळाल्या तर १.६७ चे थेट ५ होतात. हे ओळखायला व्होल्टमीटर पुरत नाही, आतल्या आम्लाची सापेक्ष घनता मोजणारा हायड्रोमीटर लागतो. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये २५ अंशांना साधारण १.२६५ दिसायला हवं. चार्जर थांबल्यावरही १.२२५ दिसत असेल तर बॅटरी रोज उपाशी राहते आहे. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने मागे असेल तर इक्वलायझेशन चार्ज द्या, म्हणजे सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरा. तरी वर आला नाही तर तो सेल गेला. सीलबंद बॅटरीत हे बघताच येत नाही, म्हणून रोजच्या वापराला ती घेऊ नये असं माझं मत आहे.

शिवाय क्षमता किती तासांच्या दराने छापली आहे तेही वाचा. २० तासांच्या दराने १० युनिट असलेली लेड-ॲसिड १० तासांच्या दराने साधारण ९ च देते. म्हणजे तुमचे ५० टक्के मुळात ५५ असतात.

एलएफपीचं दुखणं वेगळं. तिथे केमिस्ट्री मरायच्या आधी बॅलन्स बिघडतो, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेले राहत नाहीत. बँकेत १६ सेल सिरीजमध्ये असतील तर सगळ्यात कमजोर सेल पूर्ण बँकेचा मालक होतो. सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट म्हणजे बीएमएस; त्याचं साधं बॅलन्सिंग सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच काम सुरू करतं आणि त्याचा करंट फार थोडा असतो. ज्यांनी सेल जपायचा म्हणून चार्जिंग कायम ८० टक्क्यांवरच थांबवायचं ठरवलंय, त्यांच्याकडे बॅलन्सिंग कधी होतच नाही. खूण अशी: चार्ज संपताना एक सेल ३.६५ वर, बाकीचे ३.४० वर, आणि बीएमएस चार्जिंग तोडून टाकतो. ६.२५ युनिटचे पैसे दिलेले असतात, हाती ५ सुद्धा येत नाहीत आणि लोक बॅटरी खराब झाली म्हणतात. अधूनमधून पूर्ण भरून तासभर तसंच धरून ठेवलं की बहुतेकदा फरक पडतो. शून्याखालच्या तापमानात मात्र चार्ज करू नका. लिथियम धातू होऊन ॲनोडवर साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

विकणाऱ्याकडून सायकलींचा आकडा घेण्याऐवजी वॉरंटीतला एकूण युनिटचा आकडा मागा. ५ युनिटच्या पॅकवर "१० वर्षं किंवा १५,००० युनिट, जे आधी होईल ते" असं लिहिलं असेल तर कंपनी स्वतः ३००० पूर्ण सायकलींचीच हमी देते आहे, जाहिरातीत ६००० असल्या तरी. किंमत भागिले हा आकडा, हाच सर्वात कंजूष आणि म्हणून सर्वात खरा भाव. एकूण युनिटचा आकडा द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा.

आता काही पुरवण्या. जुन्या लेड-ॲसिडला भंगारात चांगली किंमत येते. १५ टक्के परत मिळाले असं धरलं तरी १.६७ चे १.४२ होतात, निकाल बदलत नाही. तापमान १० अंश वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा गरम खोलीत वरचे ५ वर्षं अडीच समजा. एलएफपीही उष्णतेत लवकर झिजते. आणि सुरुवातीचे जादा २५०० उभे करायला महाग व्याजाचं कर्ज लागत असेल तर तेही मांडून बघा. रोजच्या वापरात लेड-ॲसिडचा पहिला संच बदलायची वेळ सव्वातीन वर्षांनी येते, आणि तिथेच हा फरक भरून निघतो.

सोडियम-आयनचं तेवढं राहिलं. थंडीत ती चांगली चालते, पण डिस्चार्ज होताना तिचा व्होल्टेज एलएफपीपेक्षा खूप जास्त खाली उतरत जातो. तुमचा इन्व्हर्टर खालच्या व्होल्टेजला बंद पडत असेल तर तळाशी उरलेले युनिट वापरताच येणार नाहीत आणि भाजक पुन्हा लहान होईल. इन्व्हर्टरची किमान आणि कमाल डीसी मर्यादा पॅकच्या माहितीपत्रकाशी जुळवा. जुळत नसेल तर थांबू नका, एलएफपी घ्या.