झडत्यांच्या पुस्तकाचे दोन लेखक

"गुरुजींनी बारा वर्षे गावोगाव फिरून पोळ्याच्या झडत्या गोळा केल्या, पण पुस्तक मी लिहिले. आता ते म्हणतात, नाव आधी त्यांचे, रॉयल्टीत साठ टक्के त्यांचे आणि मजकुरावर शेवटचा हातही त्यांचाच. प्रकाशकाचा करार येऊन पडला आहे. मी पुस्तकातून बाहेर पडू का?"

हे विचारणाऱ्या ताई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतात आणि गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आहेत. झडत्या म्हणजे पोळ्याच्या दिवशी म्हटली जाणारी पारंपरिक पद्ये. दोघांच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही एवढा बदल करून हा अनुभव लिहीत आहे.

मी ताईंना आधी प्रकाशकाकडून एक महिन्याची मुदत मागून घ्यायला सांगितले. दोघांनी आपसात काही ठरवलेले नसेल तर करारातल्या छापील ओळीच त्यांच्या वतीने सगळे ठरवून टाकतात आणि सही झाल्यावर त्या बदलणे फार अवघड जाते.

त्यानंतर मी दोघांना हस्तलिखिताची एकेक प्रत दिली आणि दुसऱ्याने केलेला जो बदल मुळीच मान्य नाही, तेवढ्याच ठिकाणी लाल पेन्सिलीने खूण करायला सांगितले. "शेवटचा हात कोणाचा" हा वाद मोघम असतो तोवर तो मानापमानाचा राहतो. पानांवर उतरला की त्याचा खरा आकार दिसतो. १८४ पानांत गुरुजींच्या खुणा ११ निघाल्या आणि त्यांतल्या ९ एकाच प्रकारच्या होत्या. पाने कमी व्हावीत म्हणून ताईंनी झडती सांगणाऱ्यांची नावे व गावे गाळली होती आणि एकाच झडतीची दोन गावांतली रूपे जोडून एक पाठ तयार केला होता. त्या खुणांवर बोट ठेवून गुरुजी म्हणाले, "सांगतानी त्यायनं मले ईचारलं होतं, गुरुजी, पुस्तकात आमचं नाव येईन ना? मी हो म्हटलं होतं. आता त्यायच्या दारात मी कोन्या तोंडानं जाऊ?"

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना ही गोष्ट कधी सांगितलीच गेली नव्हती, आणि गुरुजींनाही ती सांगता न आल्यामुळे त्यांनी आधी नाव मागितले, मग टक्के मागितले. माझ्या मते अशा भांडणात हेच सर्वांत जास्त घडते: एका बाबतीतली भीती दुसऱ्या बाबतीत वसूल केली जाते. म्हणून नाव, पैसा आणि मजकूर यांची आपसात अदलाबदल मी करू देत नाही, आणि मजकुराचा प्रश्न नेहमी आधी घेते.

मजकुराचा अधिकार आम्ही विभागून लिहिला. झडत्यांचा मूळ पाठ, वऱ्हाडी शब्दरूपे आणि सांगणाऱ्यांची नावे यांवर गुरुजींचा शब्द अखेरचा. विवेचन, प्रकरणांची मांडणी आणि भाषा यांवर ताईंचा. शेवटच्या प्रुफावर दोघांच्या सह्या असल्याशिवाय छपाई होणार नाही, आणि एखाद्या जागी पंधरा दिवसांत एकमत झाले नाही तर दोन्ही पाठ छापले जातील.

पैशांचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा दोघेही चकित झाले. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी एकूण १५,००० रुपये. साठ-चाळीस केले तर गुरुजींना ९,००० आणि निम्मे-निम्मे केले तर ७,५००, म्हणजे वाद १,५०० रुपयांचा होता. खोदून विचारल्यावर कळले की बारा वर्षांचे एसटीचे भाडे आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र हा खर्च गुरुजींनी पदरचा केला होता. वहीत त्यातली ४,००० रुपयांची नोंद सापडली. तेवढी रक्कम पहिल्या रॉयल्टीतून त्यांना द्यायची आणि उरलेल्या ११,००० चे दोन समान भाग करायचे, असे ठरले. त्यामुळे त्यांच्या वाट्याला ९,५०० आले, त्यांच्या मूळ मागणीपेक्षा जास्त, आणि तरीही ताईंना अन्याय वाटला नाही, कारण पुढच्या आवृत्तीत वाटणी निम्मी-निम्मीच राहणार होती. रॉयल्टी आणि विक्रीचा हिशेब प्रकाशकाने दोघांना वेगवेगळा पाठवावा, ही अट मी आग्रहाने घालायला लावली. एकाच्याच खात्यात पैसे आले की दुसऱ्याला दरवेळी मागावे लागते आणि तिथून संशय सुरू होतो.

झडत्या परंपरेने चालत आलेल्या, त्या गोळा केल्या म्हणून कोणाच्या मालकीच्या होत नाहीत. कॉपीराइट कायदा रचनेला आणि लेखनाला संरक्षण देतो, श्रमांना नाही. पण त्या आधारावर गुरुजींचे नाव मुखपृष्ठावरून उतरवणे मला गैर वाटले असते, आणि ताईंनाही तसे करायचे नव्हते. नावांचा क्रम शेवटी दहा मिनिटांत ठरला. दोन्ही नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत, गुरुजींचे आधी. आणि खाली "संकलन" व "विवेचन" असे ज्याचे त्याचे काम. हा क्रम पुढच्या सर्व आवृत्त्यांत कायम राहील, हेही लिहून घेतले.

गुरुजींच्या पश्चात त्यांचा अर्धा हक्क वारसांकडे जाईल, तेव्हा मजकुरातल्या बदलांना संमती कोण देणार, हे कलम मात्र अजून कोरे आहे. त्यांना मुलाशी बोलायचे आहे. सांगणाऱ्यांच्या नावांचे परिशिष्ट सहा पानांचे झाले. ते ताईंनी स्वतः बसून तयार केले, आणि त्यासाठी गुरुजींच्या वह्या पहिल्यांदाच त्यांच्या घरी आल्या.