एका ‘च’ची गोष्ट

“मुलीची बारावी आहे आणि सोसायटीत सतत आवाज. ग्रुपवर लिहिलं की भांडण होतं, गोड बोललं तर कोणी मनावर घेत नाही. नेमकं लिहू तरी काय?”

मी समुपदेशन करते, आणि जानेवारी उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. गेल्या वर्षी तो घेऊन आलेल्या ठाण्याच्या एका आईची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये फरशा बदलायचं काम चालू होतं आणि संध्याकाळी पॅसेजमध्ये मुलं चेंडू खेळत. आदल्या रात्री साडेअकराला त्यांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला.

“निदान परीक्षेच्या दिवसांत तरी लोकांना एवढं कळायलाच हवं. काही जणांना दुसऱ्याची पर्वाच नाही. हे आवाज आता बंद झालेच पाहिजेत.”

“यातला प्रत्येक ‘च’ काढून पुन्हा वाचा,” मी म्हटलं.

“...लोकांना एवढं कळायला हवं.” त्या थांबल्या. पुढची दोन वाक्यं अगदी हळू वाचली. मग म्हणाल्या, “हे मी त्यांना नाही, स्वतःलाच बजावत होते. हिचा पेपर चांगला गेलाच पाहिजे, असं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणसाची इच्छा हट्टात कुठे बदलते ते मी त्याच्या शब्दांत शोधते, आणि मराठीत ती जागा बहुतेक वेळा या ‘च’मध्ये सापडते. ‘शांतता हवी’ असं म्हणणारी आई विनंती करू शकते. ‘शांतता असलीच पाहिजे’ म्हणणारी आई हुकूम सोडते, आणि हुकूम वाचणारा आधी स्वतःचा बचाव करतो. ‘काही जण’ या शब्दांनी तर आणखी घोळ होतो. ज्याचा काही संबंध नाही तो दुखावतो आणि ज्याला सांगायचं तो खुशाल राहतो.

पुढच्या भेटीत त्यांनी मुलीला आणलं. मी तिला एकच विचारलं, “तुला नेमका कोणता आवाज नडतो?” उत्तर ऐकून आई चकित झाली. “ड्रिलचं काय, सकाळी मी अभ्यासिकेत असते. दुपारी तीननंतर मी सोडवायला बसते, तेव्हा पॅसेजमधली मुलं नको होतात. त्यांचं बोलणं कळतं ना, मग मन तिकडेच जातं.” तिचं म्हणणं बरोबर होतं. पंख्याची सलग घरघर कानाला सवयीची होते, पण मध्येच येणारा धप्प आवाज आणि कळणारे शब्द लक्ष ओढून नेतात. म्हणजे सगळी इमारत गप्प करायची गरज नव्हती. तीन तास, एक पॅसेज, एवढंच मागायचं होतं. मागणी जितकी छोटी, तितकं ‘हो’ म्हणणं सोपं.

फरशांचा विषय ग्रुपवर काढायचा नाही असं आम्ही ठरवलं. ज्याचं घर माहीत आहे, त्याच्याशी दारात जाऊन बोलावं. चारचौघांसमोर सांगितलं की त्याला माघार घेणं जड जातं. बारावीचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो आणि दोननंतर सुटतो. मुलगी दहाला निघणार, अडीचला परतणार. म्हणून त्या वर जाऊन म्हणाल्या, “वहिनी, पेपरच्या दिवशी दहा ते दोन खुशाल तोडफोड करून घ्या, ती घरी नसते. आदल्या दिवशी मात्र दुपारनंतर हलकं काम ठेवता येईल का?” नुसतं ‘थांबवा’ म्हणण्याऐवजी त्यांनी वेळ देऊ केली, म्हणून कारागिरांचा खाडाही टळला.

ग्रुपवर सकाळी एवढंच गेलं:

“नमस्कार, बी विंग ३०४. मुलीचे बारावीचे पेपर सुरू होत आहेत. ते संपेपर्यंत दुपारी ३ ते ६ मुलांना तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजऐवजी खाली खेळायला पाठवाल का? कोणाकडे दहावी-बारावी असेल तर त्यांनीही आपली वेळ सांगावी. पेपर संपले की मी कळवेन.”

दोन घरांनी आपापल्या वेळा लिहिल्या, आणि विनंती एकटीची राहिली नाही. एकाने “आमच्या वेळी असली नाटकं नव्हती” असंही लिहिलं. त्यावर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, हे आधी ठरलं होतं. त्या बाईंनी त्याला संध्याकाळी फोन केला.

सगळं जमलं असं नाही. एका हळदीला स्पीकर दहापर्यंत वाजला आणि तो सोसावा लागला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला मात्र २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. तिथे आर्जवं करत बसू नये. आधी सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करावा, नाही थांबलं तर ११२ ला.

रसायनशास्त्राच्या पेपरच्या दिवशी सकाळी त्यांना वरून मेसेज आला होता. तो त्यांनी मला मोबाईलवर दाखवला: “निघाली का ती? कारागीर थांबलेत, ती गेली की सुरू करतो.”